मदत हवी आहे: ईमेल सेवा बदलताना ‘साइन इन’ची जोडलेली खाती कशी शोधायची?

१२ जणांचं ऑफिस आहे, डोमेन स्वतःचं. मेल नव्या सेवेकडे न्यायची आहे. दरातला फरक बघून निर्णय सोपा वाटतो, पण खरा खर्च बिलात दिसतच नाही.

मेल हलवायचं ठरलंय. एमएक्स रेकॉर्डचा टीटीएल ८६४०० सेकंदांवर आहे. तो एक पूर्ण दिवस आधी ३०० वर आणायचा, नाहीतर बदलानंतरही काही मेल दिवसभर जुन्या सर्व्हरवरच जाते. जुनी मेल आयमॅपने कॉपी होईल. मात्र एका मेलला दोन लेबलं असतील तर ती दोन फोल्डरांत दोनदा उतरते आणि नव्या जागेचा कोटा अंदाजाआधीच भरतो. फिल्टर आणि कॅलेंडर आयमॅपने येत नाहीत, ते वेगळे काढू.

अडलंय ते पुढे. बऱ्याच जणांनी बाहेरच्या साइटवर पासवर्ड न ठेवता जुन्या सेवेच्या खात्यानेच ‘साइन इन’ केलंय. पत्ता तोच राहिला तरी ओळख पटवणारं खातं जुनंच. ते बंद केलं की दार बंद. काही साइट त्याच पत्त्यावर नवा पासवर्ड पाठवतात, काही नाही.

प्रत्येकाच्या सेटिंगमध्ये जोडलेल्या ॲपची यादी दिसते. सगळ्यांची एकत्र यादी ॲडमिनला कशी काढता येईल? आणि वर्षातून एकदाच उघडल्या जाणाऱ्या साइट धरता जुनी खाती किती महिने चालू ठेवावीत?