मदत हवी आहे: लॉकर बाबांच्या एकट्याच्या नावावर, नॉमिनी धाकटा भाऊ, दागिने मात्र आईचे

डिचोलीकर_सुमेधा:
बाबा शिगम्याच्या सुमारास गेले. लॉकर त्यांच्या एकट्याच्या नावावर होता. आईच्या पाटल्या, आजीची पुतळीमाळ, सगळं त्यातच आहे. बँक म्हणते, नॉमिनी भाऊ आहे, तोच उघडणार. चवथीला आईला दागिने हवे आहेत. भाऊ वाईट नाही, पण वहिनीचं बोलणं ऐकून आई धास्तावली आहे. तिचा हक्क गेला का?

म्हापसेकर:
नॉमिनी म्हणजे मालकच. बाबांनी विचार करूनच नाव घातलं असणार. आता भांडून उपयोग नाही.

तिसवाडीचा_वकील:
म्हापसेकर, बँकेपुरतं बरोबर, पुढचं चूक. मृत्यूचा दाखला, नॉमिनीची ओळखपत्रं आणि अर्ज दिला की बँकेने 15 दिवसांत दावा निकाली काढायचा असतो. पण नॉमिनी वस्तू ताब्यात घेतो ती वारसांच्या वतीने. शिवाय गोव्यात लग्नाआधी वेगळा करार नसेल तर नवराबायकोची मालमत्ता सामाईक धरतात, म्हणजे आईचा अर्धा वाटा मुळातच तिचा. उरलेल्या अर्ध्याचे वारस ठरवायला उपनिबंधकाकडे वारसाचा दस्त होतो. वाद पेटला तर कोर्टात इन्व्हेंटरी, म्हणजे मालमत्तेची यादी करून वाटणी.

सुमेधाताई, खरी काळजी लॉकर उघडण्याच्या दिवसाची घ्या. बँकेचा अधिकारी आणि दोन स्वतंत्र साक्षीदारांसमोर यादी होते. मात्र आत बंद वा सीलबंद पुडकं असेल तर नॉमिनीला देताना बँकेला ते उघडावं लागत नाही. यादीत नुसतं 'एक बंद डबा' लिहिलं जाईल, आणि पुढे पाटल्या होत्या की नव्हत्या हे कोणी सांगू शकणार नाही. भावाला आधीच विनंती करा: आईला सोबत न्या, डबे तिथेच उघडा, नग मोजून यादीवर सगळ्यांच्या सह्या घ्या. वजन बाहेर आल्यावर सोनाराकडून लगेच करून घ्या.

नेसायची_मनीषा:
आमच्या बँकेच्या तळघरात पावसाचं पाणी झिरपतं. दागिने गेले तर बँक सगळे भरून देते ना?

तिसवाडीचा_वकील:
नाही. आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणं, कर्मचाऱ्याची लबाडी, यात जास्तीत जास्त वर्षाच्या भाड्याच्या 100 पट. भाडं 3,000 असेल तर 3 लाख. पाच तोळ्यांच्या पाटल्यासुद्धा त्यात येत नाहीत. पूर, भूकंप, वीज यांची जबाबदारी बँकेवर नसते. आधी योग्य काळजी घेतलेली हवी, एवढंच. पाणी झिरपत असेल तर आजच लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. आत काय आहे ते बँकेला माहीत नसतं, विमाही ती काढत नाही. तो स्वतः काढायचा.

डिचोलीकर_सुमेधा:
धन्यवाद. भावाशी बोलते. पण पाटल्या आईला माहेरून आल्या होत्या, त्याही अर्ध्यात धरायच्या का?

तिसवाडीचा_वकील:
लग्न कसं नोंदलंय आणि त्या कधी मिळाल्या यावर ठरेल. लग्नाचा दाखला पाहिल्याशिवाय सांगणार नाही. जुने फोटो, सोनाराच्या पावत्या असतील त्या शोधून ठेवा.