प्रसिद्धिपत्रक आणि कंपनी परिचय लिहून देण्यासाठी नमुने कोणते दाखवावेत व दर कसा सांगावा?

बोरीकाठ (अमळनेर)

नमस्कार. मी अमळनेरला एका करसल्लागाराच्या कार्यालयात काम करते. कार्यालयात येणारे लहान उद्योजक बँकेत किंवा मोठ्या खरेदीदाराकडे देण्यासाठी कंपनीचा परिचय लिहून मागतात, आणि गेली दोन वर्षे मी तो ओळखीखातर विनामोबदला लिहून देत आले. आता जळगाव एमआयडीसीतील एका डाळ मिलच्या मालकांनी दोन पानांचा परिचय आणि नव्या सॉर्टेक्स यंत्राबद्दल वर्तमानपत्रांसाठी प्रसिद्धिपत्रक मागितले असून, ‘एका कागदाचे किती घेणार?’ असे स्पष्ट विचारले आहे. पूर्वीचे लेखन ग्राहकांच्या खासगी कागदपत्रांत असल्याने ते दाखवता येत नाही. नमुन्यासाठी एखादी कंपनी कल्पनेने उभी करून लिहिले तर चालेल का, आणि दर कोणत्या हिशेबाने सांगावा?

शब्दमोल (धुळे)

ताई, फार विचार करू नका. मी भाषांतराची कामे शब्दावर घेतो. प्रतिशब्द एक रुपया सांगावा, म्हणजे ग्राहकालाही हिशेब कळतो आणि वाद राहत नाही. काम सुरू करण्यापूर्वी निम्मी रक्कम घ्यावी, ही गोष्ट मात्र कधीही सोडू नये.

जुना उपसंपादक (जळगाव)

निम्मी रक्कम आधी घेण्याबाबत मी पूर्ण सहमत आहे, परंतु शब्दाचा दर या कामाला लागू पडत नाही. भाषांतरात मूळ मजकूर समोर असतो. येथे मजकूर मालकाच्या बोलण्यातून, परवान्यांतून आणि मिलमध्ये फिरून गोळा करावा लागतो, आणि चांगले प्रसिद्धिपत्रक अडीचशे शब्दांच्या आत संपते. चारशे शब्दांचे अडीचशे करण्यात तुमचा अर्धा दिवस गेला, तर शब्दाच्या दराने त्या मेहनतीबद्दल दीडशे रुपये कमीच मिळतील.

मी अकरा वर्षे वृत्तपत्राच्या डेस्कवर होतो, त्यामुळे प्रसिद्धिपत्रकाचे पुढे काय होते ते सांगू शकतो. संध्याकाळी पान लावताना जागा कमी पडली की बातमी खालून कापली जाते. म्हणून काय झाले, कोठे, कधी आणि वाचकाला त्याचे काय, हे पहिल्या दोन वाक्यांत आले नाही तर उरलेला मजकूर निरुपयोगी ठरतो. ‘अमुक उद्योगसमूहाच्या शिरपेचात मानाचा तुरा’ अशी सुरुवात असलेली पत्रके आम्ही बहुधा बाजूला ठेवत असू. मजकूर युनिकोडमध्ये, ईमेलच्या अंगातच असावा; जुन्या फाँटमध्ये टाइप केलेली फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की अक्षरांचा चुराडा होतो. छायाचित्र वेगळे जोडावे आणि त्यातील व्यक्तींची नावे डावीकडून क्रमाने लिहावीत.

नमुन्यासाठी काल्पनिक कंपनी चालेल, पण त्यावर ‘काल्पनिक नमुना’ असे ठळक लिहावे. माझ्या मते त्याहून उपयोगी मार्ग असा, की ओळखीच्या एखाद्या दुकानदाराकडे जाऊन त्याचा परिचय खरोखर लिहावा आणि नमुना म्हणून दाखवण्याची परवानगी त्याच्याकडून लेखी घ्यावी. काल्पनिक कंपनीत सगळे आकडे आपल्याच सोयीचे असतात. खऱ्या दुकानात मालक एक सांगतो आणि बिल दुसरेच सांगते. ते जुळवता येते की नाही, हेच ग्राहकाला नमुन्यात दिसायला हवे. असे दोन परिचय आणि एक प्रसिद्धिपत्रक सुरुवातीला पुरे आहे.

सातपुडा चिप्स (फैजपूर)

आमचा केळी वेफर्सचा घरगुती व्यवसाय आहे. गेल्या वर्षी आम्ही एकाकडून माहितीपत्रक करून घेतले. छपाईसह बराच खर्च झाला आणि कागद अगदी चकचकीत होता, पण त्यात पाकिटांची वजने आणि अन्न परवान्याचा क्रमांकच नव्हता. नाशिकच्या दुकानदाराने पहिल्याच फोनवर नेमक्या त्याच दोन गोष्टी विचारल्या. छपाईचे काम जळगावात स्वस्तात कोठे होते, हे कोणी सांगू शकेल का?

जुना उपसंपादक (जळगाव)

ताई, येथे प्रश्न छपाईचा नाही, लेखनाचा आहे. परंतु तुमचा अनुभव नेमका उपयोगी पडणारा आहे. कंपनी परिचयाचा वाचक म्हणजे खरेदी करणारा माणूस. माल कोणता, प्रतवारी कोणती, पोत्यांचे वजन किती, महिन्याला किती पुरवठा होईल, जीएसटी आणि अन्न परवान्याचे क्रमांक कोणते आणि फोन कोण उचलणार, हे त्याला पहिल्या पानावर हवे असते. आजोबांनी मिल कशी सुरू केली, ते दुसऱ्या पानावर चार ओळींत सांगावे.

बोरीकाठ (अमळनेर)

काल मिलमध्ये जाऊन आले. मालक म्हणाले, ‘रोज वीस टन डाळ काढतो.’ मी तसेच लिहून घेत होते, तेवढ्यात चाळणीपाशी उभ्या असलेल्या त्यांच्या मुलाने हळूच सांगितले, की हे तुरीच्या हंगामातले बोलणे आहे, पावसाळ्यात यंत्र निम्मा वेळ बंद असते. प्रसिद्धिपत्रकाचे पहिले वाक्य मी असे केले आहे: ‘खान्देशात प्रथमच अत्याधुनिक सॉर्टेक्स यंत्र बसवून आमच्या मिलने डाळ उद्योगात क्रांती घडवली आहे.’ हे मालकांना फार आवडले.

जुना उपसंपादक (जळगाव)

मुलाने तुम्हाला वाचवले. परिचयात ‘हंगामात दररोज 20 टनांपर्यंत’ असे लिहा आणि इतर महिन्यांचा आकडा त्यांच्या नोंदवहीतून घ्या, कारण खरेदीदार जुलैमध्ये मागणी नोंदवील तेव्हा तो याच कागदावर बोट ठेवील.

‘प्रथमच’ हा शब्द काढून टाका. असा दावा मी एकदा न तपासता छापू दिला होता आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुसरे एक कारखानदार स्वतःच्या यंत्राचे तीन वर्षांपूर्वीचे बिल घेऊन कार्यालयात हजर झाले होते. बातमीत ‘आमच्या’ असेही येत नाही. पहिले वाक्य साधारण असे असावे: ‘जळगाव एमआयडीसीतील अमुक डाळ मिलमध्ये रंगानुसार दाणे निवडणारे यंत्र सोमवारी सुरू झाले असून, त्यामुळे डाळीतील काळे व डागी दाणे हाताने वेचावे लागणार नाहीत.’ त्यापुढे वेचणीचे काम करणाऱ्या महिलांना आता कोणते काम मिळणार, हे मालकांना विचारून लिहा. वार्ताहर हा प्रश्न विचारणारच.

आता दर. तास मोजा, पण ग्राहकाला कागदाची एकच रक्कम सांगा. परिचयासाठी भेट तीन तास, लेखन चार तास, दुरुस्त्या दोन तास, असे नऊ तास धरले आणि तुमचा तास 300 रुपयांचा मानला, तर 2700 रुपये होतात. प्रसिद्धिपत्रकाची माहिती त्याच भेटीत मिळाली असेल, तर चार तासांचे 1200 रुपये. प्रवासखर्च वेगळा. दुरुस्तीच्या फेऱ्या दोन, आणि मालकांच्या बाजूने अंतिम होकार एकाच व्यक्तीचा, हे आधीच लिहून द्या. वडील, मुलगा आणि भागीदार तिघेही वेगवेगळ्या दुरुस्त्या पाठवू लागले की नऊ तासांचे सोळा होतात. बातमी छापून येण्याची हमी मात्र कधीही देऊ नका. तो निर्णय संपादकांचा असतो.

शब्दमोल (धुळे)

शब्दाच्या दराबाबतचे म्हणणे पटले. परंतु छापून येणार नसेल तर आमच्याकडील व्यापारी 1200 रुपये देतील असे मला वाटत नाही. वर्तमानपत्रांकडे पत्रक पाठवण्याचे आणि फोन करण्याचे कामही त्याच रकमेत धरावे.

जुना उपसंपादक (जळगाव)

मी ते वेगळे आकारतो, कारण पाठपुराव्यात दोन दिवस जातात. धुळ्याचा बाजार आपण अधिक ओळखता, त्यामुळे तेथे एकत्र रक्कमच चालत असेल तर ती 1200पेक्षा जास्त ठेवावी, एवढेच म्हणेन.

बोरीकाठ (अमळनेर)

दोन्ही कागदांचे मिळून 3900 आणि प्रवासखर्च असे लेखी कळवले. मालकांनी 3500 सांगितले. मी रक्कम मान्य केली, पण दुरुस्तीची फेरी दोनऐवजी एकच ठेवली आणि ‘काळे दाणे’ असलेले वाक्य नमुना म्हणून दाखवण्याची परवानगी मागितली. अंतिम होकार मुलगा देणार आहे. परवानगीबाबत मालकांनी अजून उत्तर दिलेले नाही.