भरती बंद असतानाही निघणाऱ्या जागा

>> कंपनीने भरती गोठवली म्हणतात, तरी तिच्याच जाहिराती दिसतात. अर्ज करण्यात अर्थ आहे का?

आहे, पण जागा कोणती ते आधी बघा. बंदी सहसा नव्या, वाढीव पदांवर येते. कोणी सोडून गेलं आणि काम थांबवता येत नसेल, तर वरून खास मंजुरी घेऊन ती जागा भरतात.

उधारी वसुलीचंच घ्या. मंदीत ग्राहक पैसे लांबवतात. तीस दिवसांचं बिल नव्वद दिवसांवर जातं आणि कंपनीची रोकड अडकते. म्हणजे विक्री घटली तरी वसुलीवाल्याचं काम वाढतं, आणि त्याचा पगार का द्यायचा हे कोणाला पटवावं लागत नाही. कर, लेखापरीक्षण, सुरक्षा ही कामं कायद्यामुळे टिकतात. रुग्णसेवेचंही तसंच: २००८-०९ च्या मंदीत अमेरिकेत एकूण नोकऱ्या घटत असताना आरोग्यसेवेतल्या वाढत होत्या. मात्र तिथेही नर्स घेतात, प्रशासनातली पदं रोखतात.

पहिल्याच फोनवर विचारा: जागा नवी की कोणाच्या बदली? मंजुरी झाली आहे का, रुजू कधी व्हायचं? उत्तर मोघम आलं, तर ती जाहिरात बहुधा फक्त अर्ज जमवून ठेवण्यासाठी असते.