क्लबहाउसच्या फ्रिजमधला आंब्याचा ज्यूस

वैशाली, बी-३०२: नमस्कार. क्लबहाउसच्या फ्रिजमध्ये गेल्या शनिवारच्या कार्यक्रमातला आंब्याचा ज्यूस अजून तसाच पडलाय. ईशान खेळून आला आणि अर्धा पेला प्यायला. आंबट लागतोय म्हणाला. सहा दिवस झाले. हे बघायची जबाबदारी कोणाची?

नीलेश, ए-१०४: वहिनी, पॅकवर मार्चपर्यंतची तारीख आहे. मी स्वतः बघून आणलेत.

जोशी, सी-४०१: फ्रिज फक्त कार्यक्रमाच्या दिवशी चालू ठेवायचा असं सभेत ठरलं होतं. लाइट बिल कोण भरतंय?

वैशाली, बी-३०२: जोशीकाका, माझं पोरगं प्यायलंय, बिलाचं नंतर बघू.

काळे, बी-१०१: नीलेश, ती तारीख बंद पॅकची. झाकण उघडलं की ती संपली. त्याच पॅकच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, उघडल्यावर फ्रिजमध्ये ठेवा आणि इतक्या दिवसांत संपवा. ते वाच.

नीलेश, ए-१०४: फ्रिजमध्येच होता ना काका.

काळे, बी-१०१: मंगळवारी दुपारभर लाइट नव्हती, विसरलास? आणि थंडीत यीस्ट मरत नाही, फक्त सावकाश वाढतं. मी बावीस वर्षं आमरसाच्या कारखान्यात तपासणीला होतो. वैशालीताई, पॅक फुगलाय का? झाकण उघडताना आवाज आला का?

वैशाली, बी-३०२: हो! बाजू टम्म आहेत. फस्स झालं. ईशानला वाटलं कोल्ड्रिंकच आहे.

काळे, बी-१०१: मग तो गेला. आंब्याच्या ज्यूसमध्ये मुळात गॅस नसतो. यीस्ट साखर खातं, त्यातून गॅस आणि थोडं अल्कोहोल तयार होतं. वास घ्या, ताडीसारखा येईल.

मंदार, ए-५०२: म्हणजे क्लबहाउसमध्ये फुकट बार 😂

सुप्रिया, सी-२०३: मंदार, प्लीज. मूल प्यायलंय.

जोशी, सी-४०१: फ्रिज बंद असता तर हा प्रश्नच आला नसता. सभेत ठरलं होतं.

डॉ. अनघा, ए-३०३: वैशाली, अर्ध्या पेल्याने बहुतेक वेळा फार काही होत नाही, पोट थोडं बिघडू शकतं. आज लक्ष ठेव. उलट्या-जुलाब झाले तर ओआरएस पाजायला लाग आणि मला फोन कर.

वैशाली, बी-३०२: आत्ता तरी खेळतोय. थँक्यू.

सुप्रिया, सी-२०३: जुलाबाला गॅस गेलेलं कोल्ड्रिंक देतात ना? आमच्याकडे तेच द्यायचे.

डॉ. अनघा, ए-३०३: नको गं. त्यात साखर खूप आणि मीठ जवळजवळ नाहीच. जास्त साखरेने जुलाब वाढू शकतात.

नीलेश, ए-१०४: मग त्याच फ्रिजमधल्या कोल्ड्रिंकच्या तीन बाटल्यांचं काय? दोन लिटरच्या आहेत, अर्ध्या भरलेल्या. गॅस गेलाय. त्या पण खराब?

काळे, बी-१०१: तिथे उलटं आहे. कोल्ड्रिंकमधला गॅस उडाला म्हणजे ते नासलं असं नाही. बाटली अर्धी रिकामी झाली की गॅस वरच्या मोकळ्या जागेत जाऊन बसतो, आणि झाकण उघडलं की निघून जातो. त्यातलं आम्ल तसंच राहतं, त्यामुळे रोगाचे जंतू सहसा वाढत नाहीत. पेल्यात ओतून घेतलं असेल आणि थंड राहिलं असेल तर प्यायला हरकत नाही, फक्त साखरेच्या पाण्यासारखं लागेल. पण कोणी तोंड लावून प्यायलं असेल तर टाका. थुंकीबरोबर काय आत गेलं ते आपल्याला कळत नाही.

मंदार, ए-५०२: बाटली दाबून हवा काढून झाकण लावायचं, गॅस टिकतो.

काळे, बी-१०१: नाही टिकत. दाबलेली बाटली परत फुगते आणि फुगताना आतला गॅसच ओढून घेते. लहान बाटल्या आणायच्या, एका वेळी संपतात.

नीलेश, ए-१०४: लहान बाटल्या महाग पडतात, वर्गणी वाढवा मग. बरं, तो ज्यूस फेकण्यापेक्षा उकळून वॉचमनकाकांना देऊ?

सुप्रिया, सी-२०३: नीलेश, जे आपल्या मुलांना चालत नाही ते त्यांना का?

नीलेश, ए-१०४: मी चांगल्या मनाने म्हटलं. इथे काम करणाऱ्यालाच ऐकावं लागतं.

काळे, बी-१०१: तुझी धावपळ सगळ्यांनी बघितली आहे रे. पण उकळून यीस्ट मरेल, नासलेली चव परत येणार नाही. बुरशी आली असेल तर तिने सोडलेलं काही वेळा उकळूनही जात नाही. वरची साय काढून खालचा घ्यायचा, हेसुद्धा करू नका.

जोशी, सी-४०१: फ्रिज फक्त कार्यक्रमाच्या दिवशी चालू ठेवायचा असं सभेत ठरलं होतं.

वैशाली, बी-३०२: मी खाली आहे. ज्यूसचे दोन्ही पॅक बेसिनमध्ये ओतले. दुसराही फुगला होता. कोल्ड्रिंकच्या एका बाटलीच्या तोंडाला केकचं क्रीम लागलंय, ती पण ओतते. उरलेल्या दोन?

काळे, बी-१०१: त्या कोणी तोंडाला लावल्या होत्या का?

नीलेश, ए-१०४: मुलांच्या टेबलावर होत्या. सांगता येत नाही.

काळे, बी-१०१: मग ओता.

नीलेश, ए-१०४: आलो खाली. पुढच्या वेळी झाकणावर उघडल्याची तारीख लिहीन. मार्कर आणतो.