चार गट, तीन टी-टेस्ट आणि हट्टी परीक्षक

पिपेटबहाद्दर: किती पेशी जिवंत राहिल्या ते रंगावरून मोजणारं एमटीटी केलं. कंट्रोल आणि औषधाचे तीन डोस, तीन वेगवेगळ्या दिवशी, दर वेळी प्रत्येक गटाच्या तीन वेल्स. म्हणजे n = ९. कंट्रोल १०० टक्के धरून प्रत्येक डोस त्याच्याशी टी-टेस्टने ताडला, तिन्हींवर p < ०.०५ चे तारे आले. सरासरीची अनिश्चितता दाखवणारे एसईएमचे बार एकमेकांना शिवतही नाहीत. तरी पेपरचा परीक्षक म्हणतो, चारही गट एकत्र तपासणारा अ‍ॅनोव्हा करा. अ‍ॅनोव्हा फक्त ‘कुठेतरी फरक आहे’ एवढंच सांगतो. मग हा सोपस्कार कशाला?

तिरकस: गप्प बसणार होतो, पण ‘सोपस्कार’ वाचून राहवलं नाही. एका टी-टेस्टमध्ये खोटा तारा उगवायची शक्यता ५ टक्के. तीन स्वतंत्र टी-टेस्ट केल्यात तर निदान एक खोटा तारा मिळायची शक्यता १४ टक्क्यांवर जाते. तुमच्या तिन्ही तुलनांत कंट्रोल एकच असल्याने आकडा थोडा कमी भरेल, पण ५ नक्कीच नाही. आणि ‘कुठे’ हे सांगायला डनेट आहे की! तो प्रत्येक डोस कंट्रोलशीच ताडतो, तुम्हाला हवं तेच.

नियमावली: +१. पण आधी अ‍ॅनोव्हाचा एफ सिग्निफिकंट यायलाच हवा, नाहीतर डनेटला हात लावायचा नाही. आम्हाला तसंच शिकवलंय.

तिरकस: शिकवलं असेल, पण डनेटला ती अट नाही. खोट्या ताऱ्यांचा हिशोब तो स्वतःच सांभाळतो. असो, खरा घोळ वेगळाच आहे. n = ९ कुठून आणलेत? एकाच फ्लास्कमधल्या पेशी एकाच दिवशी तीन वेल्समध्ये ओतल्या, तर त्यातून तुमचं पिपेटिंग किती सारखं आहे तेवढंच कळतं. n = ३.

ब्लॉटग्रस्त: एसईएमचा विषय निघालाच आहे तर बोलतेच. आमच्या गाइडनी वेस्टर्न ब्लॉटच्या आलेखात आकड्यांचा विखुरलेपणा दाखवणारे एसडीचे बार पाहिले आणि म्हणाले, “हे मिशीएवढे बार कोण छापणार? एसईएम टाक.” बार आखडले, सगळे खूश. आकृतीखाली n लिहायचा राहिला आणि कोणी विचारलंही नाही! बरेच लोक एसईएम वापरतात ते बार लहान दिसावेत म्हणूनच.

पिपेटबहाद्दर: ब्लॉटग्रस्तताई, धागा माझा एमटीटीचा आहे. आणि तिरकस, n = ३ केला तर सगळंच बुडेल. कंट्रोल आणि वरचा डोस, दिवसवार कच्ची सरासरी ही घ्या: ०.८० आणि ०.६४, १.१० आणि ०.९०, ०.६० आणि ०.४६. यावर साधी टी-टेस्ट केली, p = ०.४४. झालं समाधान?

तिरकस: अहो, तुमचे आकडे तर झकास आहेत, तुम्हीच त्यांचा गळा घोटताय. कंट्रोल ०.६० पासून १.१० पर्यंत हलतो, कारण त्या त्या दिवशी पेशी कमी-जास्त होत्या. पण दर दिवसाचा फरक पाहा: ०.१६, ०.२०, ०.१४. पेअर्ड टी-टेस्ट लावा, p = ०.०११. तेच सहा आकडे. म्हणजे या कच्च्या आकड्यांचे बार एकमेकांत घुसलेले असूनही फरक ठाम आहे. बार दिवसादिवसांतला चढउतार दाखवतात, जोडीतला फरक नाही.

नियमावली: मग पेअर्ड टीच पुरे! अ‍ॅनोव्हाची गरज नाही हे सिद्ध झालं.

तिरकस: उलट. तीन दिवसांच्या पेअर्ड टीला डिग्रीज ऑफ फ्रीडम फक्त २, म्हणून ताऱ्यासाठी टी ४.३० च्या वर न्यावा लागतो. दिवस हा ब्लॉक धरून, म्हणजे दिवसादिवसांतला चढउतार वेगळा काढून, चारही गट एकाच अ‍ॅनोव्हात घाला, त्या ६ होतात आणि उंबरठा २.४५ वर येतो. डनेटची सुधारणा जोडूनही तो ४.३० च्या खालीच राहतो. परीक्षक तुमच्या बाजूचा निघाला, बघा.

ब्लॉटग्रस्त: आणि १०० टक्क्यांचं काय? आम्ही दर ब्लॉटला कंट्रोल १ धरतो. मग कंट्रोलला बारच नसतो. सगळ्या गटांचा विखुरलेपणा सारखा हवा ही अ‍ॅनोव्हाची अट तिथेच मोडते.

तिरकस: बरोबर आहे, ताई. टक्के न काढता लॉग घ्यावा आणि ब्लॉक ठेवावा असं माझं मत.

नियमावली: लॉग घेऊन जीवशास्त्रज्ञाला काय समजणार? टक्केच वाचायला सोपे. ८०, ८२, ७७, बघताक्षणी कळतं.

तिरकस: वाचायला टक्के, तपासायला लॉग. दोन्ही एकाच आकृतीतून उरकायचा अट्टहास का?

नियमावली: कारण आकृती एकच छापतात, साहेब. पटलेलं नाही.

पिपेटबहाद्दर: भांडा निवांत. मी ब्लॉकवाला अ‍ॅनोव्हा चालवतोय, बारऐवजी तिन्ही दिवसांचे ठिपके रेषांनी जोडून टाकतो. मधल्या डोसचा तारा मात्र गेला. परीक्षकाला आभाराचं पत्र तुम्हीच लिहा, तिरकस.

तिरकस: गेलेला तारा बहुधा त्या ९ वेल्सचाच होता. चौथा दिवस करा, मग बोलू.