पिवळ्या गुलाबाचा अर्थ कसा बदलला

> "पिवळा गुलाब मत्सराचा की मैत्रीचा? दोन्ही वाचलंय."

दोन्ही बरोबर, काळ वेगळे. एकोणिसाव्या शतकात युरोपात फुलांच्या भाषेची पुस्तकं घरोघरी होती. इंग्लंडमधल्या अशा पुस्तकांत पिवळा गुलाब म्हणजे मत्सर किंवा ओसरलेलं प्रेम.

त्या काळी युरोपीय बागेत गडद पिवळा गुलाब मिळायचा तो मुख्यतः पश्चिम आशियातून आलेल्या 'रोझा फेटिडा' जातीचा. रंग झळाळता, पण वास उग्र आणि अनेकांना नकोसा. शिवाय बहर वर्षातून एकदाच. प्रेयसीला द्यायला कोण घेणार?

फ्रान्समधल्या ल्यों इथल्या जोसेफ पेर्ने-दुशे यांनी याच जातीच्या भरगच्च पाकळ्यांच्या प्रकाराचा बागेतल्या गुलाबाशी संकर केला आणि १९०० मध्ये 'सोलेय दोर' बाजारात आणला. नारिंगी झाक असलेला, पुन्हापुन्हा फुलणारा. आजच्या बहुतेक गडद पिवळ्या गुलाबांची वंशावळ इथे पोहोचते. त्याबरोबर ब्लॅक स्पॉट या बुरशीच्या रोगाला सहज बळी पडण्याचा गुणही वारशात आला: पानांवर कडा विस्कटलेले काळे डाग, भोवती पिवळेपणा, मग पानगळ. म्हणून पिवळ्या गुलाबाला पाणी मुळाशीच घाला, पानं ओली ठेवू नका.

सुंदर पिवळा गुलाब सहज मिळू लागल्यावर जुना अर्थ मागे पडला आणि मैत्री, आनंद हे अर्थ रुळले, असं माझं मत.

रशियात मात्र सांभाळा. तिथे पिवळी फुलं आजही अनेकांना विरहाची खूण वाटतात. आणि गुच्छात फुलं विषम संख्येत द्या, सम संख्या अंत्यविधीसाठी असते.