मदत हवी आहे: TCS3200 चे कच्चे आकडे की त्यांचा व्यस्त?

फोंड्यात काजूची लाल-पिवळी बोंडं वेगळी करायला अर्डुइनो आणि TCS3200 वापरतोय. स्केलिंग २०%, हिरवा फिल्टर, `pulseIn(OUT, LOW)`. पांढऱ्या कागदावर २८, काळ्यावर १९०, लाल बोंडावर १२० मायक्रोसेकंद.

```
map(v, 28, 190, 255, 0)
```

याने १११ येतात. पण प्रकाश वाढला की पल्स आखूड होते, म्हणून `1.0/v` घेऊन तेच गणित केलं तर साधारण २६ येतात. मला दुसरं बरोबर वाटतं; खरोखर तसंच का?

शिवाय दुपारी पडवीत पांढऱ्यावरच २२ येतात, मग उत्तर २५५ च्या वर जातं. काळी नळी पुरेल, की पांढरा संदर्भ दर तासाला पुन्हा घ्यावा?